बाजारभावाचं पान बदलणार हे आधी कळावं म्हणून: टॅगांच्या ठशाचा अनुभव

वेबपानावरून रोज माहिती उचलणारा स्क्रेपर बंद पडला तर फार काही बिघडत नाही. तो बंद पडलाय हे लगेच कळतं, आपण बसतो आणि दुरुस्त करतो. खरा घोळ होतो तो स्क्रेपर चालूच राहतो आणि चुकीचा आकडा आणतो तेव्हा. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात तसंच झालं. त्यानंतर पानाच्या टॅगरचनेचा ठसा घेऊन आधीच इशारा मिळवायची सोय मी उभी केली. त्याला फेब्रुवारी उजाडला. या विषयावर मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून झालं तसं क्रमाने लिहून ठेवते.

काम साधं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या संकेतस्थळावर रोज संध्याकाळी कांद्याचे भाव येतात. माझ्या मामांच्या शेतकरी गटाला त्यातला उन्हाळ आणि लाल कांद्याचा सर्वसाधारण दर हवा असायचा. पान उतरवायचं, त्यातलं कोष्टक शोधायचं, ओळीतला सातवा रकाना घ्यायचा आणि गटावर पाठवायचा, एवढंच माझा पायथन स्क्रेपर करायचा. रकाने असे होते: शेतमाल, प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून सातवा म्हणजे `tds[6]`.

मे महिन्यात एका संध्याकाळी मामांचा फोन आला. "काय गं, तुमच्या मेसेजमध्ये एकवीसशे पन्नास आलंय. लिलावात तर सोळाशेच्या वर कोणी जाईना. दोन पोरं त्या आकड्यावर ट्रॅक्टर भरून गेली."

पान उघडून पाहिलं. आवकेच्या पुढे वाहनांच्या संख्येचा एक नवा रकाना आला होता. त्या दिवशीची ओळ अशी होती: कांदा, उन्हाळी, क्विंटल, ११,२४०, ६१२, ७००, २,१५०, १,६००. सात रकान्यांचे आठ झाले आणि सातव्या जागी जास्तीत जास्त दर येऊन बसला. स्क्रेपरच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. पान आलं, कोष्टक सापडलं, ओळ सापडली, सातव्या रकान्यात एक आकडा होता. कुठेही त्रुटी आली नाही.

त्याच रात्री दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रकाना क्रमांकाने न उचलता शीर्षकाच्या मजकुरावरून शोधायचा. दुसरी म्हणजे किमान दर, सर्वसाधारण दर आणि कमाल दर या चढत्या क्रमात आकडे नसतील तर मेसेज पाठवायचाच नाही. जुन्या स्क्रेपरने त्या दिवशी तिन्ही दर वाचले असते तर किमान ६१२, कमाल ७०० आणि सर्वसाधारण २,१५० असं निघालं असतं आणि ही तपासणी तिथेच अडली असती. स्क्रेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ठशाच्याही आधी हे करावं. दहा मिनिटांचं काम आहे.

पण या दोन्ही गोष्टी पान बदलल्यावर, त्याच संध्याकाळी कळवतात. हंगामात संध्याकाळी सहाला भाव हवा असतो आणि मी सहाला ऑफिसात असते. मला बदल होण्याआधी, निदान दुरुस्तीला एखादा शनिवार मिळेल इतक्या आधी, चाहूल हवी होती.

जूनमध्ये सुरुवात केली ती अर्जापासून. आतापर्यंत दिवसाला एकच पान उतरत होतं. आता मला आणखी पानं नियमित पाहायची होती, म्हणून परवानगी असलेली बरी असं वाटलं. संकेतस्थळाची `robots.txt` पाहिली, त्यात या पानांना मनाई नव्हती. तरी मामांबरोबर समितीच्या कार्यालयात गेले. साध्या कागदावरचा अर्ज चालणार नाही, गटाच्या लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीने दोन प्रती आणा, असं सांगितलं. त्या नेल्या, आवक-जावक टेबलावर शिक्का मारून एक प्रत परत मिळाली. ती प्रत जपून ठेवा, कारण पुढे प्रत्येक फोनला "तुमचा आवक क्रमांक सांगा" हाच पहिला प्रश्न असतो. लेखी उत्तर आलंच नाही. जुलैअखेर तोंडी निरोप आला, "दिवसातून एकदा, संध्याकाळी पाचनंतर घ्या, लिलावाच्या वेळेत नको." मला एवढं पुरेसं होतं. स्क्रेपरच्या यूजर-एजंटमध्ये गटाचं नाव आणि माझा ईमेल घातला, म्हणजे त्यांच्याकडे कोणी नोंदी पाहिल्या तर कोण येतंय ते कळावं.

एक सुचवते. data.gov.in वर बाजारभावांचा संच एपीआयसकट उपलब्ध आहे. तुमचं काम त्यात भागत असेल तर स्क्रेपर लिहूच नका. आम्हाला हवी होती तशी प्रतवारी समितीच्या पानावर होती, म्हणून हा सगळा खटाटोप.

निरोपाची वाट बघत असताना जुन्या साठवलेल्या पानांवर ठशाचे प्रयोग सुरू केले होते. पहिली कल्पना कोणालाही सुचेल अशीच होती. पानातला मजकूर टाकून द्यायचा, फक्त टॅगांची माळ ठेवायची आणि तिचा SHA-256 काढायचा. कालचा आणि आजचा हॅश जुळला तर रचना तीच. हे एक दिवसही टिकत नाही. आज नऊ ओळी, उद्या अकरा ओळी, म्हणजे माळ वेगळी, म्हणजे हॅश पूर्ण वेगळा. शिवाय हॅश "बदललं" एवढंच सांगतो, किती बदललं ते सांगत नाही. मला "थोडं बदललं" आणि "सगळं बदललं" यांतला फरक हवा होता.

म्हणून माळेऐवजी संच घेतला. प्रत्येक टॅगसाठी मुळापासूनची वाट लिहायची, उदाहरणार्थ `html/body/div/table/tr/td`, आणि सगळ्या वाटांचा संच करायचा. संचात एक वाट एकदाच येते, त्यामुळे नऊ ओळी असोत की अकरा, संच तोच राहतो. दोन दिवसांचे संच किती जुळतात हे मोजायला सामाईक वाटा भागिले एकूण वेगवेगळ्या वाटा. याला जकार निर्देशांक म्हणतात. पॉल जकार हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि आल्प्समधल्या दोन भागांतल्या वनस्पती किती सारख्या आहेत हे मोजायला त्यांनी १९०१च्या सुमारास हे माप वापरलं. मला ही माहिती फार आवडली. आपणही इथे दोन दिवसांतल्या टॅगांच्या जातीच मोजतोय.

साध्या दिवशी हे छान चाललं. सणाच्या शुभेच्छांची पट्टी आली तेव्हा ६४ वाटांत ४ नव्या आल्या, म्हणजे ६४ भागिले ६८, साधारण ०.९४. ठीक. पण ऑगस्टमध्ये जुनी पानं एकेक करून तपासताना या ठशाच्या दोन मोठ्या खोडी दिसल्या, आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत.

पहिली खोड म्हणजे खोटी आरडाओरड. एके दिवशी कोणीतरी संपूर्ण पानाभोवती एक जास्तीचा `div` गुंडाळला होता. दिसायला पान तसंच, माझा स्क्रेपरही व्यवस्थित चालत होता. पण वाट मुळापासून लिहिल्यामुळे त्या `div`च्या खालची प्रत्येक वाट बदलली. ६४पैकी ५८ वाटा त्याच्या खाली होत्या, त्या सगळ्या नव्या ठरल्या. सामाईक उरल्या ६, एकूण झाल्या १२३. साम्य ०.०५. ठशाच्या मते हे दुसरंच संकेतस्थळ होतं.

दुसरी खोड जास्त वाईट. मे महिन्यातलं ते आठ रकान्यांचं पान या ठशाला दाखवलं. साम्य आलं १.०. अगदी बरोबर एक. कारण `tr`च्या आत सात `td` असोत की आठ, वाट एकच: `.../tr/td`. ओळींची संख्या विसरायची म्हणून संच घेतला, तर तो रकान्यांची संख्याही विसरला. ज्या बदलासाठी हे सगळं सुरू केलं, तोच या ठशाला दिसत नव्हता.

हे आकडे पाहिल्यावर मला कामाची दिशा कळली. एका ठशाने दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत. "पान एकंदरीत हलतंय का" हा एक प्रश्न, "मी जिथून माहिती उचलते तो तुकडा हलला का" हा दुसरा. पहिल्याला ढिला ठसा हवा, दुसऱ्याला कडक.

ढिल्या ठशासाठी मुळापासूनची पूर्ण वाट सोडली आणि प्रत्येक टॅगच्या वाटेचं फक्त शेपूट ठेवलं, म्हणजे तो टॅग, त्याचा पालक आणि आजा.

```python
def tails(root, k=3):
    out = set()
    for el in root.iter():
        if not isinstance(el.tag, str):
            continue
        chain = [el.tag] + [a.tag for a in el.iterancestors()]
        out.add("/".join(reversed(chain[:k])))
    return out

def similarity(a, b):
    return len(a & b) / len(a | b)
```

मधली `isinstance` ची ओळ काढू नका. `lxml` मध्ये एचटीएमएलमधल्या टिप्पण्याही झाडात येतात आणि त्यांचा `tag` मजकूर नसून फंक्शन असतो. ती ओळ नसेल तर पुढे जोडणी करताना प्रोग्रॅम कोसळतो.

जास्तीचा `div` असलेल्या त्याच पानाला आता ७१ शेपटांपैकी ३ गेली, ४ नवी आली. ६८ भागिले ७५, म्हणजे ०.९१. जिथे `div` आला तिथलीच दोन-तीन शेपटं हलली, खालचं सगळं शाबूत. `k` दोन ठेवला तर पानाचं नवं रूपही जुन्यासारखं वाटू लागतं, कारण `div/div` आणि `ul/li` सगळीकडेच असतात. पाच ठेवला तर पुन्हा आरडाओरड सुरू होते. माझ्या पानांना तीन बरोबर बसला. तुमच्या पानाला कदाचित चार लागेल, तो साठवलेल्या जुन्या पानांवर करून बघावा.

कडक ठसा फक्त भावाच्या कोष्टकाचा घेतला. त्यात तीन गोष्टी: कोष्टकाच्या पूर्वजांची टॅग आणि क्लाससकट साखळी, शीर्षकांचा मजकूर क्रमाने, आणि ओळींचे आकार.

```python
def row_shapes(table):
    return {
        tuple(c.tag + ":" + c.get("colspan", "1")
              for c in tr.iterchildren("th", "td"))
        for tr in table.iter("tr")
    }
```

ओळी कितीही असल्या तरी आकार मोजकेच निघतात. मे महिन्याआधीच्या नेहमीच्या दिवशी दोन: सात `th` आणि सात `td`. आठवा रकाना आला की सात `td`चा आकार नाहीसा होतो आणि आठाचा उगवतो. इथे टक्केवारी नको, तंतोतंत जुळायला हवं. जुळलं नाही तर त्या दिवशीचा मेसेज थांबतो.

शीर्षकांचा मजकूर ठशात का घेतला हे सांगायला हवं, कारण तो टॅगरचनेचा भाग नाही. उद्या त्यांनी किमान आणि कमाल दरांच्या रकान्यांची अदलाबदल केली तर टॅग तेच, संख्या तीच, आकार तोच. टॅगांचा कितीही बारकाईने घेतलेला ठसा ते पकडू शकत नाही. तिथे शीर्षकं आणि चढत्या क्रमाची तपासणी हेच दोन राखणदार आहेत. मजकूर घेताना सगळ्या मोकळ्या जागा एका जागेवर आणायच्या आणि युनिकोडचं NFC रूप करून घ्यायचं. नाहीतर देवनागरीत डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन शीर्षकं संगणकाला वेगळी वाटू शकतात. नुक्त्याची अक्षरं एका संकेताने लिहिली की दोन, एवढ्यानेही फरक पडतो.

क्लासची नावं मात्र ढिल्या ठशात घेतली नाहीत. आमच्या पानावर ती माणसाने दिलेली आहेत आणि वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून कोष्टकाच्या साखळीत घेता आली. आजकालच्या बऱ्याच संकेतस्थळांवर ती `css-1q8x7` अशी यंत्राने दिलेली असतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बदलतात. तिथे क्लास घेतला तर रोज सकाळी इशारा येईल आणि आठवडाभरात तुम्ही तो बघणं सोडून द्याल.

वाचताना सिमहॅशचा उल्लेख वारंवार आला. मोझेस चारिकर यांचं हे तंत्र २००२चं, आणि गूगलच्या संशोधकांनी २००७ साली सांगितलं होतं की अब्जावधी पानांतली जवळपास सारखी पानं शोधायला ६४ बिटांच्या ठशात तीनपर्यंत बिटांचा फरक धरावा. पानं तितकी असतील तर ते हवंच. माझी पानं तीन. मी शेपटांचा संच जसाच्या तसा, पण वर्णक्रमाने लावून, एका ओळीत एक शेपूट, साध्या फाइलमध्ये ठेवते. त्याचा मोठा फायदा असा की इशारा आला की कालच्या आणि आजच्या फाइलवर `diff` चालवला की नेमकं काय गेलं आणि काय आलं ते दिसतं. ६४ बिटांकडे बघून ते कळत नाही.

सप्टेंबरमध्ये प्रश्न आला उंबरठ्याचा. साम्य कितीच्या खाली गेलं की इशारा द्यायचा? इथे इंटरनेट अर्काइव्हची वेबॅक मशीन फार उपयोगी पडली. तिथे या संकेतस्थळाच्या मागच्या काही वर्षांच्या प्रती आहेत, म्हणजे आधी झालेले बदल आपल्याला आयते तपासायला मिळतात. प्रतींची यादी अशी मिळते:

```
http://web.archive.org/cdx/search/cdx?url=example.org/rates&filter=statuscode:200&collapse=timestamp:8
```

`collapse=timestamp:8` म्हणजे एका दिवसाची एकच प्रत. यादीतला वेळेचा शिक्का घेऊन पान उतरवताना त्याला `id_` जोडा:

```
http://web.archive.org/web/20230415000000id_/http://example.org/rates
```

`id_` नसेल तर अर्काइव्ह पानात स्वतःची पट्टी आणि स्क्रिप्ट घालून देतं आणि तुमच्या ठशात त्यांचीच शेपटं येतात. दोन प्रतींमध्ये काही सेकंद थांबा, ती सार्वजनिक सेवा आहे.

भावाच्या पानाच्या प्रती महिन्याला एखाद-दुसरी अशाच होत्या, पण मुखपृष्ठाच्या भरपूर निघाल्या. शेजारच्या दोन प्रतींमधलं साम्य काढून तक्ता केला. बहुतेक काळ आकडा ०.९ आणि १ यांच्या मध्ये फिरत होता आणि मध्येच एका जागी थेट ०.२च्या आसपास कोसळला होता. तो त्यांचा मागचा नवा अवतार. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ०.५ ते ०.८मध्ये, जवळपास काहीच नव्हतं. त्यामुळे उंबरठा ०.७ ठेवला की ०.७५ याने फरक पडत नव्हता, मी ०.७५ ठेवला. तुमच्या पानाचे आकडे असे दोन टोकांना विभागलेले नसतील तर उंबरठा शोधण्यात वेळ घालवण्याआधी ठसा तपासा. पानाच्या कडेच्या जाहिराती किंवा बातम्यांची पट्टी आकडा हलवत असते. तो भाग ठशाआधी कापून टाकला की बरं होतं.

याच तक्त्यातून सगळ्यात कामाची गोष्ट मिळाली. मागच्या बदलात मुखपृष्ठ आधी बदललं होतं. सूचनांची पानं नंतर, आणि भावाचं पान त्याच्याही मागून. हे साहजिकच आहे. भावाचं पान माहितीसाठ्याला जोडलेलं, त्यात चूक झाली तर रोज तक्रारी येणार, म्हणून ते शेवटी हलवतात. म्हणजे भावाच्या पानाची चाहूल हवी असेल तर भावाचं पान पाहून उपयोग नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघायला हवं. तेव्हापासून मी रोज तीन पानं उतरवते: मुखपृष्ठ, सूचना आणि भाव. दिवसाला तीन विनंत्या, सगळ्या पाचनंतर. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, म्हणून भारतीय साडेसहा वाजता चालवायला क्रॉनमध्ये `0 13 * * *` लिहिलंय.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर नुसती नोंद ठेवली, इशारे बंद. तेवढ्यात पानाची नेहमीची रूपं कळली. सुट्टीच्या दिवशी कोष्टकात "माहिती उपलब्ध नाही" अशी एकच ओळ येते, एक `td` आणि `colspan` आठ. दिवाळीत सलग काही दिवस तेच होतं. एकदा दुरुस्तीचं छोटं पान आलं, आणि तेही २०० या यशस्वी उत्तराच्या क्रमांकाने, म्हणजे नुसता क्रमांक पाहणाऱ्याला कळलंच नसतं. या रूपांना मी ओळखीचे ठसे म्हणून वेगळ्या फाइलींत नावं देऊन ठेवलं. आजचं पान आधी या सगळ्यांशी ताडून पाहायचं आणि सगळ्यात जवळच्याशी साम्य धरायचं. सुट्टीच्या ठशाशी जुळलं तर गप्प बसायचं, पण सुट्टी बरेच दिवस लांबली तर कळवायचं.

तुलना कालच्या पानाशीही होते आणि मी स्वतः पाहून मंजूर केलेल्या मूळ ठशाशीही. नुसतं कालशी ताडलं तर रोज थोडं थोडं बदलत जाणारं पान कधीच उंबरठा ओलांडत नाही आणि दोन महिन्यांनी ते पार वेगळं झालेलं असतं. नवा ठसा मंजूर करायचं काम यंत्राला दिलेलं नाही, ते माझ्या हातात ठेवलंय.

पार्सर कोणता, हेही एकदा ठरवून कायम ठेवा. ब्राउझर आणि `html5lib` कोष्टकात नसलेला `tbody` स्वतःहून घालतात, `lxml` घालत नाही. आज एकाने आणि उद्या दुसऱ्याने ठसा घेतला तर पान न बदलता ठसा बदलतो. ब्राउझरमधून उचललेला `tbody`वाला पत्ता `lxml`मध्ये का चालत नाही, याचंही कारण बहुतेक वेळा हेच असतं.

डिसेंबरमध्ये इशारे चालू केले आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला खरा इशारा आला. मुखपृष्ठ ०.३१, सूचना ०.९६, भाव ०.९४. कोष्टकाचा कडक ठसा जसाच्या तसा. मन घट्ट करून `diff` पाहिला. `nav`, `header`, `section` अशी नवी शेपटं आली होती आणि मांडणीसाठी वापरलेली जुनी `table/tr/td` शेपटं गेली होती. मामांना सांगितलं की मेसेज चालू राहतील, पण येत्या काही दिवसांत पान बदलणार. मामांनी कार्यालयात विचारलं. तिथल्या ताईंनी आवक क्रमांक विचारून घेतला आणि सांगितलं की हो, नव्या कंत्राटदाराचं काम चालू आहे, भावाचं पान महिनाअखेरीस.

आठवडाभरात सूचनांचं पान ०.२८वर आलं. हे पान मी बारकाईने वाचलं, कारण त्यातही एक कोष्टक असतं आणि भावाचं कोष्टक त्याच साच्यात येणार हे उघड होतं. उतरवलेल्या एचटीएमएलमध्ये शीर्षकं होती आणि खाली `tbody` पूर्ण रिकामा. ब्राउझरमध्ये मात्र ओळी दिसत होत्या. म्हणजे ओळी आता जावास्क्रिप्ट मागाहून भरत होतं. ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत पाहिलं तर ओळींची माहिती एका वेगळ्या पत्त्यावरून जेसनच्या रूपात येत होती.

यातला धोका लगेच लक्षात आला. भावाचं पान असं झालं की माझ्या स्क्रेपरला एकही ओळ मिळणार नाही, आणि एकही ओळ नाही म्हणजे सुट्टी, असं समजून तो गप्प बसेल. सुट्टीच्या ओळखीच्या ठशात मी ओळीचा आकार घेतला होता म्हणून वाचले. सुट्टीला एक `colspan`ची ओळ असते, इथे काहीच नसतं. तरी रिकाम्या `tbody`साठी वेगळी तपासणी घातली आणि तिला सर्वांत वरचा इशारा दिला.

मग शनिवार-रविवार बसून जेसन वाचणारा नवा स्क्रेपर लिहिला. भावाचा पत्ता अजून अस्तित्वात नव्हता, म्हणून सूचनांच्या पत्त्यावर चालवून पाहिला. जेसनचाही ठसा लागतोच. तिथे टॅग नसतात, म्हणून चाव्यांची नावं आणि प्रत्येकीच्या मूल्याचा प्रकार यांचा संच घेतला. उद्या त्यांनी दर आकड्याऐवजी स्वल्पविरामासकट मजकूर म्हणून द्यायला सुरुवात केली तर नाव तेच राहील पण प्रकार बदलेल, आणि ते पकडलं जाईल.

भावाचं पान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बदललं. त्या संध्याकाळी कडक ठसा तुटला, जुन्या स्क्रेपरने मेसेज थांबवला. मी रात्री नव्या स्क्रेपरमध्ये पत्ता आणि चार चाव्यांची नावं भरली. गटाला भाव साडेसहाऐवजी साडेनऊला गेला, चुकीचा गेला नाही. पुढचा आठवडाभर मामा रोज लिलावातला दर फोनवर सांगायचे आणि मी तो ताडून बघायचे. सगळे जुळले, तेव्हा नवे ठसे मंजूर केले.

खर्चाचं विचाराल तर छोट्या सर्व्हरचं महिन्याचं भाडं चारशेच्या आसपास, ते गट देतो. कार्यालयाच्या फेऱ्यांचं पेट्रोल आणि झेरॉक्स वेगळं. भावाचं मूळ पान दाबून साधारण वीस केबी होतं, म्हणजे वर्षाला सात-आठ एमबी. तिन्ही पानं मिळूनही जागेचा प्रश्न येत नाही, त्यामुळे ठसे घेत असलात तरी मूळ पानं टाकून देऊ नका. `k` बदलायचा किंवा कडक ठशात एखादी गोष्ट वाढवायची ठरवली तर जुने ठसे निरुपयोगी होतात, आणि जुनी पानं असतील तर ते एका रात्रीत पुन्हा काढता येतात. आता मुखपृष्ठ आणि सूचना ही दोन पानं नव्या साच्यावर आहेत आणि त्यांचा उंबरठा पुन्हा ठरवायला मार्चअखेरपर्यंतच्या नोंदी लागतील. तोवर त्या दोघांचे इशारे मला एकटीलाच येतात, गटावर जात नाहीत.